सातव्या पानाची चौकट

रविवार, १९ फेब्रुवारी २०१७. पनवेल, शाळेचा वरचा मजला. हजर: मी, तळोज्याच्या एका औषध कारखान्यातल्या दवाखान्याची सिस्टर, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले काका, खारघरचा तरुण इंजिनिअर आणि शिकवणारे सर. गैरहजर: गव्हाणचा.

ही हजेरी मीच मांडायची. सर विसरत, आणि मला रकाना रिकामा ठेवलेला बघवत नाही. आमची औद्योगिक सुरक्षेची पदविका चालू होती. नोकरी करणाऱ्यांसाठी म्हणून फक्त रविवारी वर्ग. मी तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. खिडकीतून हातमोजे, मास्क, दोर, गमबूट द्यायचे, सही घ्यायची, शिल्लक लिहायची. इतकी वर्षं ज्या वस्तू देत आले त्या नेमक्या कशासाठी, ते एकदा नीट शिकावं म्हणून नाव घातलं होतं. वर्गात वयाने काकांच्या खालोखाल मीच.

गव्हाणचा, म्हणजे गव्हाण गावाहून येणारा, तिशीतला. सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर कंत्राटी ऑपरेटर. पदविका मिळाली तर कंपनी कायम करेल असं त्याला सांगितलं होतं. त्याचा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी तळोज्यातल्याच दुसऱ्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरला आणि मेला, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तो कमी बोलायचा आणि मागच्या बाकावर, खिडकीपाशी बसायचा.

त्याच दिवशी सकाळी, वर्गाला निघण्याआधी, मी ग्रुपवर नोट्स टाकल्या होत्या. सोबतचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, तसाच देते:

"सर्वांना नमस्कार. दोन्ही पेपरच्या आटोपशीर नोट्स जोडल्या आहेत. पाने अठरा, हाताने लिहून स्कॅन केलेली. क्रम पुस्तकाचा नाही, कामाचा आहे: आत जाण्याआधी, आत असताना, बाहेर आल्यावर. पानाच्या डाव्या अर्ध्यात कलम, उजव्या अर्ध्यात ते प्रत्यक्षात कसं पाळायचं. खाली चौकटीत एक उदाहरण. चौकटीच्या कोपऱ्यात उदाहरण कुठून घेतलं ते लिहिलं आहे: 'स' म्हणजे सर, 'पु' म्हणजे पुस्तक, 'व' म्हणजे वर्गात कुणी सांगितलं ते. शेवटची दोन पाने नुसते आकडे, परीक्षेच्या सकाळी वाचायला. प्रिंट एकाच बाजूला काढा, मागे स्वतःचं लिहिता येईल."

वर्गात कौतुक झालं. काका म्हणाले, ताईंच्या नोट्स इस्त्रीच्या कपड्यांसारख्या आहेत, घडी मोडायची भीती वाटते. इंजिनिअरने विचारलं की चौकट पाठ केली तर डावा अर्धा सोडला तर चालेल का. सिस्टर म्हणाली, तू सोड, तुला बाहेर काढायला आम्ही आहोतच. सरांनी पानं चाळली आणि क्रम आवडल्याचं सांगितलं. पुस्तकात आगीचं प्रकरण आधी येतं, बंदिस्त जागेचं फार मागे. मी बंदिस्त जागा मध्यावर आणली होती, सातव्या पानावर, कारण आत जाणं, आत असणं आणि बाहेर येणं हे तिन्ही तिथेच एकत्र होतं.

सातव्या पानाच्या डाव्या बाजूला कारखाने कायद्याचं कलम छत्तीस. टाकी, खड्डा, पाइप अशा जागेत विषारी वायू असण्याची शक्यता असेल तर माणसाला उतरू द्यायचं नाही. उतरवायचं तर वायू काढून टाकून, तपासणी करून, जाणत्या माणसाच्या लेखी दाखल्यावर, नाहीतर श्वासाचं उपकरण घालून, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. उजव्या बाजूला मी तपासणीचा क्रम दिला होता: आधी प्राणवायू, मग पेट घेणारा वायू, मग विषारी. त्याखाली एक ओळ: सडक्या अंड्यांचा वास अचानक यायचा थांबला तर वायू गेला असं समजू नये, नाक मेलेलं असू शकतं.

आणि खाली चौकट.

वर्ग सुटायच्या वेळी गव्हाणचा आला. दुसऱ्या पाळीला निघाला होता, अंगात कंपनीचा शर्ट. इतर खाली उतरले. तो जिन्याच्या वळणावर उभा राहिला आणि खिशातून एकच पान काढून उलगडलं. सातवं. घरून निघताना नाक्यावर प्रिंट काढून घेतली होती.

म्हणाला, "ताई, या कोपऱ्यात काय लिवलं नाय."

मी पान हातात घेतलं. खरंच, चौकटीचा कोपरा कोरा होता. बाकी सगळ्या पानांवर चिन्हं होती. राहून गेलं असेल म्हणाले, आणि कुठून घेतलं होतं ते आठवायला चौकट वाचू लागले. अशी होती:

"एक कामगार खड्ड्यात उतरतो. पट्टा नाही, दोर बांधलेला नाही. दोर वर काठावर वेटोळं करून ठेवलेला आहे. काठ उतरता असल्यामुळे फ्लास्क कलंडू नये म्हणून तो त्या वेटोळ्यात बसवला आहे. झाकणात चहा ओतलेला आहे. चहावर साय धरते, तरी कामगार वर येत नाही. या घटनेत कोणत्या तरतुदींचा भंग झाला?"

वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की हे उदाहरण सरांचं नाही. सर असं बोलत नाहीत. पुस्तकातलंही नाही, पुस्तकात कामगार 'अ' आणि 'ब' असतात, चहा पीत नाहीत. मी म्हणाले की मीच रचलं असणार.

मग जिन्याच्या कठड्याला टेकून त्याने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. भावाला काढल्यावर कंपनीतून फोन आला तेव्हा तोच गेला होता. बॉडी आधीच दवाखान्यात नेली होती, पण त्याला ते कळलं नाही आणि तो थेट प्लांटवर पोचला. काठावर दोराचं वेटोळं होतं. त्यात फ्लास्क होता. झाकणात चहा, त्यावर साय. भाऊ चहा प्यायचाच नाही, त्याला पित्त होतं. म्हणजे वर दुसरं कुणीतरी होतं, आरामात चहा ओतून घेण्याइतकं. तो परत वळला, सुपरवायझरला विचारायला. माणसं घेऊन आला तेव्हा काठावर काहीच नव्हतं, जागा धुतलेली होती. नंतर कागदावर आलं की कामगार एकटा होता, परवानगी न घेता स्वतःच्या मनाने उतरला.

"फ्लास्कचं मी फक्त आईला सांगितलं," तो म्हणाला. "आन ती कुणाला बोलली नाय. तुमी तिथं व्हत्या का?"

मी नव्हते. मी त्या कारखान्याच्या फाटकाच्या आतही कधी गेलेले नाही. तसं सांगितलं. त्याने मान हलवली, पण पान परत घेतलं नाही, माझ्याच हातात राहू दिलं.

मग त्याने विचारलं, "वरचा माणूस काय बोलला त्याला?"

"दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाला."

हे मी बोलले. विचार करून नाही. कुणी वेळ विचारावी आणि मनगटाकडे न बघता सांगावी, तसं. ते वाक्य चौकटीत नव्हतं. मी लगेच सावरून घेतलं की तळोज्यात सगळेच असं म्हणतात, स्टोअरच्या खिडकीवर रोज ऐकते, ताई लवकर द्या, दोन मिनिटांचं काम आहे. हे खरंही होतं. तो एवढंच म्हणाला, की आईला जाणून घ्यायचं हाय, भाऊ एकटा व्हता का, आन कुणी सांगितलं म्हणून उतरला का. बाकी तिला काय नको. गावात लोक म्हणतात, पोरगा शहाणपणा करायला गेला. ती देवळात जायची बंद झालीय.

तो पाळीला गेला. मी पान घडी करून पिशवीत टाकलं आणि बाजारातून भाजी घेऊन घरी आले. काय भाजी घेतली ते आता सांगता येणार नाही, आणि मला अशा गोष्टी सहसा सांगता येतात.

सोमवारपासून मी कामाला लागले. गोष्ट कुठूनतरी आलेली असते. माझ्याकडे सरांच्या सगळ्या व्याख्यानांची टिपणं होती, ती पहिल्यापासून वाचली. नव्हतं. सरांना फोन केला. त्यांनी असं उदाहरण कधी दिलेलं नव्हतं, आणि ऐकून म्हणाले की छान आहे, पुढच्या वर्षी वापरतो. पुस्तक परत चाळलं. सिस्टरला विचारलं, कारण तिच्याकडे अपघातांचे किस्से फार. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि समजावलं की, ताई, प्रत्येक खड्ड्याच्या काठावर फ्लास्क असतो. मी म्हटलं, दोराच्या वेटोळ्यात? त्यावर ती म्हणाली, झोप नीट लागते ना तुम्हाला.

मला शक्य वाटत होतं ते एकच. कंत्राटदाराची माणसं आज या कारखान्यात, उद्या त्या. काठावर जो कोणी होता, किंवा त्याला ज्याने पाहिलं, तो कधीतरी माझ्या खिडकीवर आला असेल. मी हातमोज्यांचे जोड मोजत असेन, तो मागच्या माणसाशी बोलत असेल. मी ऐकत नव्हते, पण कान उघडेच असतात. डोक्यात कुठेतरी ते ठेवलं गेलं आणि नोट्स लिहिताना उदाहरण म्हणून बाहेर आलं. हे पटण्यासारखं होतं. हे खरं असेल तर तो माणूस तळोज्यातच होता आणि सापडू शकत होता.

गव्हाणच्याला मी हे सांगितलं. त्याचा चेहरा उजळला असं म्हणणार नाही, पण तो परत वर्गाला वेळेवर येऊ लागला. आम्ही ठरवलं: मी खिडकीवर येणाऱ्या जुन्या कंत्राटी माणसांशी बोलायचं, सहज, खड्ड्यांच्या कामाबद्दल. दोर, फ्लास्क यातलं काहीही आपण होऊन काढायचं नाही. जो स्वतः काढेल तोच साक्षीदार.

उन्हाळा सुरू झाला होता. तळोज्याकडून संध्याकाळी वारा आला की आमच्या सोसायटीत लोक खिडक्या लावून घेतात. त्या दिवसांत मी वास आला तरी खिडकी लावत नसे. वास येतोय तोवर ठीक, असं वाटायचं. मग तो यायचा थांबे, आणि मी उठून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत असे. घरचे विचारत, काय झालं. मी सांगत असे, काही नाही, कोंदट वाटतंय.

परीक्षा झाली. बंदिस्त जागेवर प्रश्न आला होता. बाहेर आल्यावर काका खुशीत म्हणाले की ताई, तुमचं चहाचं उदाहरण मी जसंच्या तसं उतरवलं. इंजिनिअरनेही तेच लिहिलं होतं. सिस्टरनेही. गव्हाणच्याने त्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न सोडवला होता. फाटकाशी उभं राहून सगळे हसत होते की तपासणाऱ्याला वाटेल एकच कामगार तीन वेळा खड्ड्यात उतरला. तो हसला नाही, मीही नाही. त्या वेळी मला फक्त वाईट वाटलं. यातून काय होणार आहे ते लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

पावसाळ्यानंतर कधीतरी माझ्या खिडकीवर एक फिटर आला. नवा माणूस, रसायनीकडून आलेला. दोर मागत होता. मी ठरल्याप्रमाणे विचारलं, खड्ड्याचं काम आहे का, जपून. तो म्हणाला, "जपूनच मॅडम. आमच्या आधीच्या कंपनीत एक असाच गेला. वर दोराच्या वेटोळ्यात फ्लास्क, झाकणात चहा, साय धरली तरी पोरगा वर आला नाही."

दोर टेबलावर ठेवला. मी शांतपणे विचारलं, तुम्ही पाहिलं? नाही, त्याने पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. कोण होतं वर? ते माहीत नाही. कुणी सांगितलं? ट्रेनिंगमध्ये. मग त्याने फोन काढून दाखवलं. पडद्यावर माझं अक्षर होतं. डावीकडे कलम, उजवीकडे क्रम, खाली चौकट.

नोट्स पुढे गेल्या होत्या. आमच्या ग्रुपवरून खालच्या तुकडीला, तिथून कुठल्यातरी कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहाच्या ग्रुपवर, तिथून रसायनीला, उरणला. पाठवणाऱ्याने फक्त पानं पाठवली होती. माझा मेसेज मागेच राहिला होता, त्यामुळे कोपऱ्यातली चिन्हं कशाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोरा कोपरा कोरा आहे हे दिसण्याचं कारण नव्हतं.

मी ग्रुपवर लगेच दुसरा मेसेज टाकला: सातव्या पानावरची चौकट वापरू नये, आधार तपासलेला नाही, पुढे पाठवलेल्या सर्वांना कळवावे. काकांनी अंगठा पाठवला. दुरुस्तीचा मेसेज कुणी पुढे पाठवत नाही. त्यानंतरच्या वर्षभरात ती गोष्ट माझ्याकडे कितीतरी तोंडांतून परत आली. एकाने ती स्वतःच्या मेव्हण्याची म्हणून सांगितली आणि सांगताना त्याचे डोळे भरले. एकाने फ्लास्क निळा होता असं सांगितलं. उलव्याच्या एका साइटवरचा मुकादम म्हणाला की तो स्वतः तिथे होता, त्यानेच दोर ओढला. मी विचारलं, दोर बांधलेला होता? तो गोंधळला आणि म्हणाला, नाही, बरोबर, बांधलेला नव्हता.

आता खरा माणूस खिडकीवर आला असता तरी मला ओळखता आला नसता. तो जे सांगेल ते सगळेच सांगत होते, माझ्या शब्दांत, माझ्या क्रमाने. मी बोलायचं थांबवलं आणि दोर देऊन सही घेऊ लागले.

गव्हाणचा पास झाला, कायम झाला. पेढे द्यायला घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की आईला फ्लास्कचं पान त्याने नवी प्रिंट काढून वाचून दाखवलं होतं, तेव्हाच, फेब्रुवारीत. ते छापलेलं पान ऐकून तिला पहिल्यांदा वाटलं की बाहेरच्या कुणाला तरी माहीत आहे. ती तेव्हापासून विचारते आहे की हे लिवणारी बाई कधी येणार.

"तिला काय सांगू मी?" मी विचारलं.

"जे म्हाईत हाय ते."

तोच तर प्रश्न होता. मी रचलं असं सांगितलं, तर तिच्या मुलाच्या बाजूने बोलणारं जे एकच काही जगात आहे ते काढून घेतल्यासारखं होईल. कुणाकडून तरी ऐकलं असं सांगितलं, तर ती विचारेल कुणाकडून, आणि मी खिडकीबाहेर बोट दाखवणार. मी त्याला म्हटलं, येते, या महिन्यात येते. त्याने एस.टी. कुठली ते सांगितलं, उरण रस्त्याला कुठे उतरायचं तेही सांगितलं, आणि उतरलं की फोन करा, म्हणाला, न्यायला येतो.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, इतर कुणालाही नाही. चौकटीतलं चित्र थांबलेलं नाही. मी काही करत नसताना त्यात भर पडते. भांडी आवरताना कळलं की खड्ड्याची शिडी आतल्या डाव्या अंगाला होती. बँकेच्या रांगेत उभी असताना कळलं की वरच्या माणसाच्या बुटाची नाडी सुटलेली होती आणि तो ती बांधायला वाकला, त्याच वेळी आतला आवाज बंद झाला. असं काही आलं की मी कागद बाजूला सारते. लिहून ठेवलं तर नीटनेटकं होईल, आणि नीटनेटकं झालं की खरं वाटेल. गव्हाणच्याला एकदा सहज विचारलं होतं की त्या खड्ड्याला शिडी कुठल्या बाजूला होती. त्याने सांगितलं. मी तो फोन लवकर ठेवला.

माझ्या कामांच्या यादीत दर महिन्याला मागच्या पानावरची राहिलेली कामं नव्या पानावर उतरवते. गॅसची नळी बदलणे, चष्म्याचा नंबर, पेन्शनचा अर्ज, असं होत होत खोडलं जातं. 'गव्हाण, आईला भेटणे' ही ओळ मात्र पान बदलत राहते. त्याचा फोन अजून येतो, दिवाळीला आणि होळीला. आई बरी आहे, ऐकायला कमी येतं, पण विचारते. या महिन्याचं पान आज सकाळी काढलं. ती ओळ उतरवून घेतली, पुढे वार लिहायची जागा सोडली आहे.